दोन माणसं, एक कोयता

परभणीत कुठल्याही अभ्यासिकेत शिरा. पोलीस भरती, तलाठी, शिक्षक पात्रता, जी परीक्षा समोर असेल तिच्या गाईडवर पोरं वाकलेली असतात आणि ओठ हलत असतात. भाकऱ्यांची चवड, माशांची गाथण, मडक्यांची उतरंड, किल्ल्यांचा जुडगा, पोत्यांची थप्पी, केळ्यांचा लोंगर. प्रकरणाचं नाव ‘समूहदर्शक शब्द’. किंमत एक मार्क, फार तर दोन. मुंबईच्या पोराने हे घोकलं तर मी समजू शकतो, त्याने उतरंड बघितलेली नसते. पण सोनपेठ तालुक्यातलं पोर, ज्याच्या आईने आजच सकाळी चवड रचून ती फडक्यात बांधून दिली, तेही गाईड उघडून ‘भाकऱ्यांची – चवड’ अशी जोडी लावतं. मराठीचं एवढं वाटोळं इंग्रजी शाळांनीसुद्धा केलेलं नाही.

घोकंपट्टीबद्दल माझी तक्रार नाही. तिच्यावरच आमच्या अर्ध्या जिल्ह्याच्या नोकऱ्या उभ्या आहेत. माझं म्हणणं असं की, हे प्रकरण मुळातच चुकलेलं आहे. यात दोन वेगळ्या जातींचे शब्द एका दाव्याला बांधलेत, आणि ज्या जातीच्या शब्दांवर या जिल्ह्यातल्या हजारो माणसांची मजुरी ठरते, त्यांना शोभेच्या वस्तूंच्या कपाटात नेऊन ठेवलंय. भाषेचं ज्ञान कच्चं असलं की कुणाचं काय बिघडतं, असं विचारणाऱ्यांनी हा लेख शेवटपर्यंत वाचावा.

आधी दोन जाती कोणत्या ते बघू. घोळका, थवा, कळप, झुंबड, उतरंड हे शब्द चित्र दाखवतात. माणसं कशी उभी आहेत, पाखरं कशी उडतायत, मडकी कशी रचलीत, ते सांगतात. त्यांच्याआधी आकडा लावून कुणी व्यवहार करत नाही. ‘तीन घोळके मुलं आली’ असं परभणीत कुणी म्हणत नाही आणि पुण्यातही म्हणत नाही. दुसरी जात पेंढी, जुडी, पोतं, वाटी, मोळी यांची. यांचा जन्मच आकड्याच्या पाठीमागे उभं राहण्यासाठी झालाय. जी वस्तू सुटी मोजता येत नाही तिला हे शब्द आधी मोजण्यालायक करतात, मग आकडा आपलं काम करतो.

दोन्हींतला फरक ओळखायला व्याकरणाची पदवी लागत नाही. गोठ्यात जा. म्हातारा पोराला विचारतो, “ढोरायला चार पेंढ्या कडबा टाकला का रे?” या एका वाक्यात सगळं व्याकरण आहे. पेंढ्या चार आहेत, स्त्रीलिंगी आहेत, अनेकवचनी आहेत. तरी म्हातारा ‘टाकल्या’ म्हणत नाही. तो ‘टाकला’ म्हणतो, कारण क्रियापदाचा धनी कडबा आहे. पेंढी मध्ये आली, आकडा तिने अंगावर घेतला आणि ती बाजूला झाली. आता हेच वाक्य गाईडच्या पद्धतीने फिरवा: ‘कडब्याच्या चार पेंढ्या टाकल्या.’ मध्ये ‘च्या’ घुसला आणि लगेच क्रियापद पेंढ्यांच्या मागे गेलं. पहिल्या वाक्यात पेंढी माप होती, दुसऱ्यात ती वस्तू झाली. ‘दोन वाट्या भात खाल्ला’ आणि ‘भाताच्या दोन वाट्या खाल्ल्या’, तोच प्रकार. मराठी बोलणारं चार वर्षांचं लेकरू यात चुकत नाही. गाईड मात्र प्रत्येक ठिकाणी ‘चा-ची-चे’ लावून ठेवतं, म्हणजे जी रचना शिकवायची तीच आधी मोडून टाकतं, आणि उरलेला सांगाडा पाठ करायला देतं.

पेंढी हे माप आहे, पण तिचं वजन कुणी ठरवलेलं नाही, हीही गोष्ट लक्षात ठेवा. पाच पेंढ्यांचा पाचुंदा, वीस पाचुंद्यांचा शेकडा, आणि कडब्याचा भाव निघतो तो शेकड्यावर. गणित चोख आहे. गडबड आहे ती पेंढीच्या पोटात. चारा महागला की पेंढ्यांचा आकडा तसाच राहतो आणि पेंढी रोडावते. म्हणून जाणता गिऱ्हाईक आधी शेकड्याचा भाव विचारत नाही. तो गंजीतली मधली एक पेंढी ओढतो, बंदात बोट घालून बघतो, उचलून अंदाज घेतो आणि मग तोंड उघडतो. वरच्या पेंढ्या दाखवायच्या असतात हे त्याला ठाऊक असतं. मोजायचा शब्द जिथे आला तिथे ‘हा केवढा?’ हा प्रश्न विचारायचा असतो, हे शहाणपण त्या माणसाकडे आहे. दोन मार्कांच्या प्रकरणात ते नाही.

आता विद्वानांकडे वळू. भाषाशास्त्र थोडंफार वाचलेली मंडळी सांगतात की मराठीला मोजशब्दांची गरज नाही. गरज आहे ती चिनीला, जपानीला, थाईला. तिथे आकडा थेट नामाला भिडतच नाही. चिनी माणसाला ‘तीन गाई’ म्हणता येत नाही, मध्ये ‘थौ’ म्हणजे डोकं घालावं लागतं. पुस्तकाला वेगळा शब्द, कागदाला वेगळा. लांब कशाला, आपल्या देशात बंगालीला हे लागतं. बंगाली माणूस दोन गाईंना ‘दुटो गोरू’ म्हणतो आणि तीन माणसांना ‘तिनजन लोक’. मधला ‘टो’ किंवा ‘जन’ गाळला तर वाक्य लंगडतं. मराठीत ‘दोन गाई’ म्हटलं की झालं. तेव्हा मराठी या यादीत बसत नाही, फाइल बंद.

फाइल इतक्या घाईने बंद करू नका. मराठीत गाई दोन असतात, पण बहिणी दोघी असतात. बैल तीन, भाऊ तिघे. चार म्हशी, पण चौघी जावा. चाराच्या पुढे गेलं की ‘जण’ येतो: पाच जण, दहा जणी. ‘दोन भाऊ’ म्हटलेलं चालतं, हे खरं, म्हणून बंगालीइतकी सक्ती मराठीत नाही. पण उलट बाजूची सक्ती पोलादी आहे. ‘दोघे बैल’ किंवा ‘पाच जण शेळ्या’ म्हणून बघा, हसतील लोक. म्हणजे मराठीच्या मोजणीत एक दार आहे आणि त्यातून फक्त माणसालाच आत घेतात. हे दार हिंदीच्या ‘दो, तीन, चार’मध्ये नाही.

ते आलं कुठून, याचा अंदाज परभणीत बसलेल्याला पुण्यात बसलेल्यापेक्षा लवकर यावा. १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता, जिथे मराठी, तेलुगू आणि कानडी एकाच कचेरीच्या ओट्यावर बसत. तेलुगूत दोन वस्तू ‘रेंडु’, पण दोन माणसं ‘इद्दरु’. तीन वस्तू ‘मूडु’, माणसं ‘मुग्गुरु’. आकडा वाढला की माणसांसाठी ‘मंदि’ येतो, अगदी आपल्या ‘जण’सारखा. कानडीत दोन माणसं ‘इब्बरु’, आणि दहा माणसं चक्क ‘हत्तु जन’. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात किनवटकडे आणि यवतमाळात बोलली जाणारी कोलामी तर पुरुषांचं ‘दोन’ आणि बायकांचं ‘दोन’ वेगळं ठेवते, आपल्या दोघे-दोघीसारखं. मरे एमेनो या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने कोलामीचं व्याकरण लिहिलं आणि १९५६ साली, भारत हा भाषांचा एकच प्रदेश कसा आहे हे मांडताना, मोजशब्द हा एक मोठा पुरावा म्हणून वापरला. त्याच्या यादीत मराठी होती. साठ-सत्तर वर्षं झाली. ती गोष्ट आमच्या गाईडपर्यंत अजून पोचलेली नाही.

एक गोष्ट मात्र आपली आपणच बघायला हवी. नवरा आणि बायको मिळून कुठे गेले तर मराठी काय म्हणते? ‘दोघे गेले’ म्हटलं की डोळ्यासमोर दोन पुरुष येतात. ‘दोघी गेल्या’ म्हणजे दोन बायका. नवरा-बायको असतील तर आपण म्हणतो ‘दोघं गेली’. नपुंसकलिंग, अनेकवचन. मराठीने मिश्र जोडीसाठी तिसरं रूप राखून ठेवलंय. त्यात नवऱ्याचं लिंग बायकोवर चढत नाही आणि बाई आहे हे क्रियापदाच्या शेवटच्या स्वरावरून कळतं. एवढी बारीक सोय ज्या भाषेने माणसांच्या मोजणीत करून ठेवली, त्या भाषेचे आपण लोक माणसं मोजायला काय वापरतो, ते आता सांगतो.

त्याआधी क्षणभर मोंढ्यात. आमच्याकडे बाजार समितीला मोंढा म्हणतात. शेतकऱ्याचं सोयाबीन तिथे क्विंटलवर विकलं जातं, त्यामुळे त्याला पोतं की कट्टा याने फारसा फरक पडत नाही. काट्यावर जे भरेल ते भरेल. हमालाचं तसं नाही. त्याची मजुरी नगावर, म्हणजे पोत्यामागे. मग पोतं शंभर किलोचं की पन्नास किलोचं, हा प्रश्न त्याच्या कण्याचा आहे. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने पोत्याचं वजन पन्नास किलोवर आणा म्हणून वर्षानुवर्षं भांडण केलं, ते मोजशब्दाच्या पोटात किती भरायचं याचंच भांडण होतं. त्या अडाणी म्हटल्या गेलेल्या माणसांना जे कळलं ते असं: मजुरी ज्या शब्दावर ठरते, त्या शब्दाची व्याख्या मालकाच्या हातात ठेवायची नसते.

हमालांना संघटना मिळाली. ऊसतोडीत काय आहे? कोयता आहे.

दसरा जवळ आला की सोनपेठ, गंगाखेड, पाथरी, पालम या तालुक्यांतल्या गावांतून मुकादम फिरायला लागतात. त्यांना कारखान्याला टोळी द्यायची असते. टोळी किती मोठी हे विचारलं तर उत्तर येतं, “बारा कोयते.” म्हणजे बारा हत्यारं नव्हेत आणि बारा माणसंही नव्हेत. बारा कोयते म्हणजे चोवीस माणसं. एक कोयता म्हणजे एक नवरा आणि एक बायको. दोघंही तोडतात. बाई वर मोळ्या बांधते आणि त्या डोक्यावरून गाडीपर्यंत नेते, पण हिशेबाच्या वहीत दोघांची मिळून एक रेघ. एकटा माणूस असला तर तो ‘अर्धा कोयता’. एकटी बाई, विधवा असो की टाकलेली, तीही अर्धाच. पूर्ण माणूस या वहीत कुणीच नाही.

व्याकरणवाले म्हणतील, कोयता हा मोजशब्द नव्हे, ही लक्षणा आहे. हत्याराच्या नावाने हत्यार धरणारा सांगितला, एवढंच. मी म्हणतो, लावा मघाची कसोटी. पेंढीने कडबा मोजला तेव्हा कडबा वाक्यात शिल्लक राहिला आणि क्रियापदही त्याचंच राहिलं. ‘जण’ने माणूस मोजला तेव्हा निदान ‘जणी’ म्हणायची सोय राहिली. कोयत्याने मोजलं की काय उरतं? ‘बारा कोयते गेले.’ नाम गेलं, माणूस गेला, आणि क्रियापद कोयत्याच्या मागे पुल्लिंगी होऊन चालतं झालं. ‘दोघं गेली’मध्ये जी बाई दिसत होती, ती ‘एक कोयता गेला’मध्ये शोधून दाखवा. चिनी भाषेत सुरी-कोयत्यासारख्या मुठीच्या वस्तू मोजायला ‘बा’ हा वेगळा शब्द आहे आणि घरातली माणसं मोजायला ‘खौ’, म्हणजे तोंड. खाणारी तोंडं किती, यावरून घर मोजायचं. माणसाला तोंड आहे एवढं तरी त्यांची मोजणी मान्य करते. आम्ही माणसं मोजायला हत्यार घेतलं आणि ‘मराठीला मोजशब्द लागत नाहीत’ म्हणून मोकळे झालो.

आता हा शब्द पैशात काय करतो ते बघा. २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि टनाचा दर साडेतीनशे रुपयांच्या वर गेला. हिशेबाला सोपं जावं म्हणून ३६६ रुपये धरू. एक कोयता दिवसाला दोन टन तोडतो, असं समजू. दिवसाचे झाले ७३२ रुपये. बातमी देणारा लिहितो, कोयत्याला सातशेच्या वर मजुरी मिळते. वाचणारा म्हणतो, बरी आहे की. पण पहाटेच्या अंधारात फडात शिरून, तोडून, बांधून, डोक्यावर वाहून, गाडी भरेपर्यंत राबणाऱ्या माणसाला त्यातले मिळाले ३६६. गाडी रात्री आली तर रात्रीही भरायची, त्याचा वेगळा आकडा नाही. एका शब्दाने मजुरी दुप्पट दिसली. पेंढी रोडावलेली होती, पण बंदात बोट कुणी घातलं नाही.

पुढे चला. समजा एका कोयत्याने एक लाख उचल घेतली. ३६६ च्या दराने ती फिटायला साधारण २७३ टन ऊस तोडावा लागतो. दिवसाला दोन टन, म्हणजे १३७ दिवस. साडेचार महिने, एकही दिवस न चुकता. हंगामच मुळी चार-पाच महिन्यांचा. आणि दिवस चुकला तर? त्याला ‘खाडा’ म्हणतात, आणि खाड्याचे पैसे उलट कापून घेतात. इथे कोयता या शब्दाची खरी धार लागते. दोन माणसं वेगवेगळी मोजली असती तर एक आजारी पडलं की एकाची मजुरी बुडाली असती, दुसऱ्याची चालू राहिली असती. पण वहीत माणसं नाहीत, जोडी आहे. बाई तापाने फणफणली तर तिचा नव्हे, कोयत्याचा खाडा. पाळी आली, कंबर धरली, दिवस भरले, बाळंतपण झालं, सगळा कोयत्याचा खाडा. घरातल्या घरात बाईचं शरीर म्हणजे नवऱ्याच्या कर्जातली गळती ठरतं, आणि हे कुणी दुष्टपणाने ठरवावं लागत नाही. मोजायचा शब्दच ते काम करतो.

बीडमध्ये पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या जात असल्याची ओरड झाल्यावर २०१९ साली शासनाने समिती नेमली, पाहणी झाली. ८२ हजारांवर बायका तपासल्या, त्यांतल्या १३ हजारांवर बायकांची गर्भपिशवी काढलेली निघाली. या बायका आयुष्यात पहिल्यांदा एकेकट्या मोजल्या गेल्या त्या अशा. तोवर त्या अर्धा कोयता होत्या. आणि त्या आकड्याच्या बातम्या वाचून हळहळलेल्या किती जणांनी विचारलं, की बाई दवाखान्यात पूर्ण मोजता येते, मग मुकादमाच्या वहीत का येत नाही?

पोराच्या लग्नाचं बघा. पोरगा एकटा गेला तर अर्धा कोयता, अर्धी उचल. म्हणून हंगामाच्या तोंडावर घाईघाईने लग्नं उरकली जातात आणि नवरीचं वय कुणी फार खोदून विचारत नाही. सरकार बालविवाहाविरुद्ध भिंती रंगवतं. त्या भिंतीसमोरून मुकादमाची गाडी जाते आणि तिच्यात बसलेली सोळा वर्षांची पोरगी, हिशेबाच्या भाषेत, एका अर्ध्याला पूर्ण करायला निघालेली असते. भिंतीवरच्या घोषणेपेक्षा वहीतला शब्द ताकदवान आहे, कारण त्याला पैसे लागलेले आहेत.

मला सांगतात, अहो, लोकांची रूढी आहे, दोघं मिळून काम करतात म्हणून मिळून मोजतात, बैलजोडीला औत म्हणतच होतो ना आपण? म्हणत होतो. दोन बैलांचं एक औत, आणि औतावरून शेतकऱ्याची ऐपत ठरायची. पण बैलाची विक्री करताना त्याला कुणी अर्धं औत म्हणून विकलं नाही. त्याचे दात बघितले, शिंगं बघितली, त्याची स्वतःची किंमत केली. बाजारात बैलाला जो मान मिळाला तो फडात बाईला द्यायला आम्ही तयार नाही, हे एकदा स्पष्ट म्हणा म्हणजे वाद मिटेल.

आणि सरकारला मोजशब्दांचं वावडं आहे असंही नाही. जीएसटीच्या पोर्टलवर मालाच्या आकड्यापुढे एकक भरावं लागतं. तिथे चिनीपेक्षा कडक व्याकरण आहे. गाठींसाठी BAL, पोत्यांसाठी BAG, जोड्यांसाठी PRS, डझनाला DOZ, गोळ्यांसाठी TBS, बक्कलांसाठीसुद्धा BKL, आणि काहीच सुचलं नाही तर NOS, म्हणजे आपला नग. बक्कल वेगळं मोजायची अक्कल ज्या यंत्रणेला आहे, तिच्याच राज्यात लाखो मजुरांची मोजणी हत्याराच्या नावाने चालते आणि त्या एककाची व्याख्या कुठल्याही कायद्याच्या पुस्तकात नाही. किलो किती ग्रॅमचा यावर वजनमापे निरीक्षक दुकानदाराला दंड करतो. कोयता किती माणसांचा, हे बघायला कुठला निरीक्षक येतो?

मी भाषा शुद्ध करायला निघालेलो नाही. कोयता हा शब्द फडातून हटवा असंही म्हणत नाही. बोलताना लोक म्हणतील, म्हणू देत. माझा राग कागदावर आहे. उचलीच्या करारावर, मुकादमाच्या वहीत, कारखान्याच्या हजेरीत आणि सरकारी नोंदणीत ‘कोयता’ हे एकक चालता कामा नये. जिथे पैसे ठरतात तिथे पेंढी किलोवर आणावी लागते, पोतं पन्नासावर आणावं लागतं, आणि कोयता माणसांवर आणावा लागतो.

शिक्षकांना आणि गाईड लिहिणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. ‘भाकऱ्यांची – चवड’ हा प्रश्न एक वर्ष बंद ठेवा. त्याऐवजी विचारा: ‘चार पेंढ्या कडबा टाकला’ या वाक्यात क्रियापद ‘टाकल्या’ का होत नाही? आणि त्याच्याखाली दुसरा प्रश्न घाला: ‘बारा कोयते गेले’ म्हणजे किती जण गेले, आणि त्यांत बायका किती? पहिल्याचं उत्तर ज्याला आलं त्याला मराठी येते. दुसऱ्याचं ज्याला आलं तो उद्या तलाठी किंवा ग्रामसेवक होऊन गावात गेला तर निदान नोंद तरी नीट करेल.

आणि ती नोंद कशी करायची, त्यासाठी नवा शब्द शोधायची गरज नाही. ‘एक कोयता’ खोडा आणि ‘दोन जण’ लिहा. दोघांची नावं लिहा, दोघांचे अंगठे घ्या, पैसे दोन खात्यांवर टाका. एक जण आजारी पडलं तर खाडा एकाचाच धरा.

मराठीत माणसं मोजायला शब्द आहेत. ते वापरा.